कुठल्या डक्टमधून?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टाकलेला पहिला मेसेज एका ओळीचा होता. "सहाव्या मजल्यावरून दुसऱ्यापर्यंत डक्टमधून एक छोटी केबल टाकायची आहे, कुणाची हरकत नाही ना?" तासाभरात अकरा अंगठे आले, दोन हात जोडलेले नमस्कार आले आणि एकाने त्याच धाग्यावर पाण्याच्या टाकीचा विषय काढला. रात्री दहाला सचिवांनी दोन शब्द लिहिले, "लेखी द्या." त्याखाली चौथ्या मजल्यावरच्या, वीज मंडळातून निवृत्त झालेल्या काकांचा प्रश्न होता, "कुठल्या डक्टमधून?"

मला उत्तर देता येईना. बारा वर्षं त्या इमारतीत राहून माझ्यासाठी डक्ट म्हणजे लिफ्टशेजारचा करडा दरवाजा, ज्याच्या आत वायरी असतात, एवढंच होतं.

गरज साधी होती. वडील दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, मी सहाव्यावर. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रात्री उठताना त्यांचा तोल जाऊ लागला, म्हणून पलंगाशी एक बटण हवं होतं. ते दाबलं की वर बेल वाजावी आणि कॅमेऱ्यातून खोली दिसावी. बिनतारी बेल चार स्लॅबपलीकडे पोचत नव्हती. मोबाइलवरची सोय नेट गेलं की झोपायची, आणि आमच्याकडे नेट नेमकं पावसाळी रात्री जातं. सोसायटीचा इंटरकॉम कधीच मेलाय. तेव्हा दोन घरांना जोडणारी स्वतःची एक तार, एवढाच उपाय उरला.

काकांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॉर्च घेऊन मला इमारत दाखवली. लिफ्टच्या उजवीकडचा मोठा दरवाजा विजेच्या डक्टचा. मीटर रूममधून निघालेल्या जाड केबल त्यातून मजल्यामजल्याला चढतात. बाथरूमच्या मागच्या बाजूला प्लंबिंगची डक्ट, ती वरून उघडी, आत सांडपाण्याचे पाइप आणि कबुतरं. जिन्याजवळ आगीच्या पाण्याचा लाल पाइप. लिफ्टचा खड्डा तर विचारायचाच नाही, तिथे लिफ्टशिवाय कशालाही जागा नसते. आणि विजेच्या डक्टला लागून एक वीतभर रुंदीचा दरवाजा, ज्याला मी इतकी वर्षं झाडूचं कपाट समजत होतो. ती फोन, टीव्ही आणि इंटरकॉमची डक्ट.

"तुमच्या मनात मोठ्या दरवाज्याची होती ना?" काका म्हणाले. होती. तिथे जागा भरपूर दिसत होती.

राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, आगीपासून बचावाच्या भागात याबद्दल स्पष्ट लिहिलंय. विजेच्या केबलसाठी डक्ट वेगळी असावी, प्रत्येक मजल्यावर ती आग रोखणाऱ्या पदार्थाने बंद केलेली असावी, आणि पाण्याचे पाइप, गॅसचे पाइप, टेलिफोनच्या किंवा इंटरकॉमच्या तारा त्यात टाकू नयेत. कारण समजायला अवघड नाही. जाड केबलचं आवरण कुठेतरी चिरलं आणि तिला चिकटून माझी बारीक तांब्याची तार गेलेली असली, तर २३० व्होल्टचा दाब त्या तारेवरून थेट वडिलांच्या पलंगाशेजारच्या डब्यात उतरू शकतो. शिवाय प्रत्येक जादा तार म्हणजे त्या उभ्या पोकळीत जळायला आणखी थोडं प्लास्टिक.

प्रत्येक मजल्यावर डक्ट बंद करायला का सांगितलंय, हेही समजून घेण्यासारखं आहे. स्लॅबला पडलेलं भोक उघडं राहिलं तर डक्टचं धुराडं होतं. खाली गरम हवा तयार झाली की ती वर ओढ घेते आणि धूर ज्वाळांच्या कितीतरी आधी वरच्या मजल्यांवर पोचतो. बंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समध्ये २३ फेब्रुवारी २०१० रोजी लागलेल्या आगीत नऊ जण गेले. ती आग विजेच्या डक्टमधून सुरू झाली होती आणि लोकांना कोंडलं ते मुख्यतः धुराने. काहींनी जीव वाचवायला वरून उड्या मारल्या. सचिवांना केबलची धास्ती नसते, केबलसाठी पाडलेल्या भोकाची असते. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली इमारतीची आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. त्या वेळी धावाधाव समितीची होते, भोक पाडणाऱ्या सभासदाची नाही.

काकांनी तो अरुंद दरवाजा उघडला. आत सुमारे चाळीस वायरी लोंबत होत्या. जुन्या केबलवाल्याच्या काळ्या, इंटरकॉमच्या करड्या, गच्चीवरच्या छत्र्यांच्या पांढऱ्या, मधेच कुणाची तरी पिवळी. त्यातल्या चालू किती, हे कुणालाच माहीत नव्हतं. एकाही तारेवर नाव नाही, आणि कोणती कापावी हे ठरत नाही म्हणून एकही निघत नाही. सोसायट्या डक्टला "नाही" म्हणतात ते बहुतेक वेळा या जंजाळामुळेच. जुन्या परवानग्यांचे वारस नाहीसे झालेले असतात, तारा मात्र राहिलेल्या असतात.

आता केबल कुठली हा प्रश्न. अंतर मी मोजलं. मजल्याची उंची सुमारे तीन मीटर, चार मजले म्हणजे बारा. वर डक्टपासून माझ्या टेबलापर्यंत सात, खाली वडिलांच्या खोलीपर्यंत आठ, दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर सैल. एकूण तीस मीटर. नेटवर्कची साधी तांब्याची केबल, जिला दुकानात कॅट सिक्स म्हणतात, ती शंभर मीटरपर्यंत चालते. म्हणजे अंतराची अडचण नव्हती आणि तांबं स्वस्त पडलं असतं.

तरी मी फायबर घेतलं, ते त्या पांढऱ्या तारांमुळे. त्या गच्चीवरून येतात. मे महिन्यात वळवाच्या गडगडाटात आमच्या इमारतीत दरवर्षी दोन-तीन सेट टॉप बॉक्स जळतात. आसपास वीज पडली की लांबलचक धातूच्या तारेत क्षणभर मोठा दाब उमटतो आणि शेजारच्या धातूच्या तारेतही त्याचा अंश उतरतो. काचेच्या तंतूतून फक्त प्रकाश जातो, त्याला याचं सोयरसुतक नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना प्रकाशाचे पुन्हा विजेचे संकेत करणारी एकेक डबी लागते, तिला मीडिया कन्व्हर्टर म्हणतात. ती डबी आणि बेलची यंत्रणा दोन्ही घरांत इन्व्हर्टरवर घ्यावी लागते, नाहीतर लाइट गेली की फायबर असूनही बेल मुकी.

इथे एक फसगत होता होता राहिली. दुकानदाराने दिलेल्या चपट्या काळ्या फायबर केबलमध्ये तंतूच्या दोन बाजूंना आधारासाठी पोलादी तारा होत्या. म्हणजे धातू टाळायला घेतलेल्या केबलमध्ये धातूच. फ्रिजवरचा लोहचुंबक लावून बघितला, चिकटला. परत जाऊन एफआरपीच्या, म्हणजे काचतंतू आणि प्लास्टिकच्या काड्यांचा आधार असलेली केबल आणली. तिच्यावर चुंबक घसरतो. आवरणही बघून घेतलं. केबलच्या अंगावर दर मीटरला छापलेलं असतं, त्यात एलएसझेडएच ही अक्षरं हवीत. असं आवरण जळलं तर धूर कमी होतो आणि साध्या पीव्हीसीसारखा घसा जाळणारा आम्लधर्मी वायू निघत नाही.

इतकं कळल्यावर अर्ज लिहायला बसलो. पहिला अर्ज सचिवांनी परत केला, कारण त्यावर सही फक्त माझी होती. केबल दोन सदनिकांना जोडणार, तेव्हा दोन्ही सभासदांनी मागायला हवं. मान्य झालेला अर्ज असा होता:

"प्रति, मा. सचिव, व्यवस्थापक समिती.

विषय: सदनिका ६०२ व २०३ यांच्यामध्ये सामाईक दूरध्वनी डक्टमधून एक फायबर केबल टाकण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, आम्ही वरील सदनिकांचे सभासद असून नात्याने मुलगा व वडील आहोत. २०३ मध्ये राहणाऱ्या वडिलांना रात्री मदतीसाठी बोलावता यावे म्हणून दोन्ही घरांत बेल व कॅमेरा जोडायचा आहे.

केबल लिफ्टच्या उजवीकडील अरुंद दूरध्वनी डक्टमधून सहाव्या ते दुसऱ्या मजल्यापर्यंत जाईल. विजेच्या, प्लंबिंगच्या वा आगीच्या डक्टला हात लावला जाणार नाही. केबल सुमारे तीन मिलिमीटर रुंद असून तिच्यात धातू नाही व वीजप्रवाह नाही. स्लॅबमध्ये नवीन भोक पाडले जाणार नाही. ज्या मजल्यांवर असलेल्या भोकातून केबल जाईल ती चार भोके काम झाल्यावर आग रोखणाऱ्या सीलंटने आमच्या खर्चाने बंद केली जातील.

प्रत्येक मजल्यावर केबलला सदनिका क्रमांक व तारखेची पट्टी लावली जाईल. काम शनिवारी सकाळी साडेदहा ते साडेबारा या वेळेत होईल व संस्थेच्या प्रतिनिधीने उपस्थित राहावे ही विनंती. इतर कोणाच्या तारेस नुकसान झाल्यास दुरुस्ती आम्ही करून देऊ. दोहोंपैकी कोणतीही सदनिका विकल्यास, किंवा डक्टच्या कामासाठी समितीने सांगितल्यास, पंधरा दिवसांत केबल स्वखर्चाने काढून घेऊ.

सोबत मार्गाचे रेखाचित्र व डक्टचे चार फोटो जोडले आहेत."

हा अर्ज मी दोन प्रतींत नेला आणि माझ्या प्रतीवर पोच घेतली, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह. ग्रुपवरचे अकरा अंगठे ही परवानगी नव्हे. सामाईक जागेचा कारभार समितीकडे असतो आणि तिचा होकार सभेच्या इतिवृत्तातल्या ठरावातूनच कळतो. उपविधींप्रमाणे समितीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी, म्हणून घाई असेल तर सभेच्या आठवडाभर आधी अर्ज पोचलेला बरा. सचिव एकटे "टाका हो" म्हणाले तर ते प्रेम झालं, पण पुढच्या निवडणुकीत सचिव बदलले की त्या प्रेमाचा कागद कुठून आणणार?

अर्जातल्या दोन गोष्टींनी काम केलं, असं मला सभेत बसून वाटलं. एक, काढून टाकण्याचं वचन. खजिनदारांचा पहिलाच प्रश्न होता, "उद्या तुम्ही फ्लॅट विकला तर?" त्याचं उत्तर कागदावर आधीच होतं. दुसरी, भोकं बंद करण्याचं. प्रत्येक मजल्यावर केवढं भोक आहे ते फोटोत दिसत होतं, शेजारी मी मापासाठी दहा रुपयांचं नाणं धरलं होतं. दोन ठिकाणी आधीच्या कुणीतरी भोकात सिमेंटच्या गोणीचा कागद कोंबला होता. सभेतले लोक फोटो बघून गप्प झाले. तोवर माझ्या अर्जाकडे एक नवी कटकट म्हणून बघत होते.

खरी अडचण निघाली ती "उद्या दहा जण मागतील" या वाक्यावर. मी "माझी एकच आहे" म्हणणार होतो, काकांनी गुडघ्यावर हात ठेवून थांबवलं. ते म्हणाले, मागू द्या, पण प्रत्येकाने हीच माहिती द्यायची, पट्टी लावायची आणि सचिवांकडच्या वहीत नोंद करायची. पट्टी नसलेल्या तारा कुणाच्या, हे विचारणारी नोटीस महिनाभर लावायची. ठराव तसाच झाला. माझ्या केबलच्या निमित्ताने बाकीच्यांच्या मागे लागल्यासारखं झालं खरं, पण समितीला होकार द्यायला त्यामुळेच धीर आला.

भाड्याने राहणाऱ्यांचा रस्ता थोडा वेगळा. संस्थेचा सभासद घरमालक असतो, म्हणून भाडेकरूच्या अर्जावर समिती निर्णय घेत नाही. शिवाय लीव्ह अँड लायसन्सच्या करारात मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भिंतीला भोक पाडू नये असं कलम बहुतेक असतंच. तेव्हा आधी मालकांना विचारायचं, आणि त्यांना पुढे पाठवता येईल असं विचारायचं. माझ्या पुतणीने तिच्या मालकांना लिहिलेला मेसेज असा: "काका, नमस्कार. नेटची केबल पॅसेजमधल्या टेलिफोन डक्टमधून घरात आणायची आहे. मुख्य दाराच्या चौकटीवर आधीच एक भोक आहे, तेच वापरू, नवीन पाडणार नाही. फोटो पाठवतेय. घर सोडताना केबल काढून भोक बुजवून देईन. तुमची हरकत नसेल तर सोबतचा अर्ज तुमच्या सहीने सोसायटीला द्याल का? मी टाइप करून ठेवलाय." काकांना फक्त सही करायची होती, त्यामुळे त्यांनी ती त्याच दिवशी केली. अर्ज स्वतः लिहून काढा असं सांगितलं असतं, तर दिवाळी उजाडली असती.

शनिवारी साडेदहाला काम सुरू झालं आणि लगेच थांबलं. तिसऱ्या मजल्यावर डक्टच्या दरवाज्यापुढे शेजाऱ्यांचा चपलांचा रॅक होता, भिंतीला ठोकलेला. चौथ्यावर दरवाजा रंगाने चिकटून बसला होता. मार्गाच्या रेखाचित्रात मी हे काहीच धरलं नव्हतं. फोटो काढताना मी दुसरा, पाचवा आणि सहावा मजला नीट बघितला आणि मधले दोन बाहेरूनच टिपले. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना आदल्या दिवशी विचारलं असतं तर त्यांनी रॅक आनंदाने हलवला असता. ऐन स्वयंपाकाच्या वेळी विचारल्यावर हलवला, पण आनंदाने नाही.

केबल वरून खाली सोडतात, खालून वर ओढत नाहीत. सहाव्यावरून एका दोरीला जड नट बांधून सोडला, प्रत्येक मजल्यावर एक माणूस तो भोकातून पुढे देत राहिला, दुसऱ्यावर नट टेकल्यावर दोरीच्या वरच्या टोकाला केबल बांधून ती हळूहळू उतरवली. दर मजल्यावर ती डक्टच्या भिंतीवरच्या पट्टीला टायने बांधली. शेजारच्या तारांना बांधायची नाही, कारण उद्या ती तार कुणी काढली तर माझीही लोंबकळेल. टाय करकचून आवळायचा नाही. फायबर तुटत नाही, चिमटली तरी प्रकाश गळतो.

आमची गळलीच. जोडणी झाली, दोन्ही डब्यांवरचे दिवे लागले, पण कॅमेऱ्याचं चित्र दर मिनिटाला गोठायचं. मुलाने खिशातून पेनासारखं एक यंत्र काढलं आणि वरच्या टोकातून लाल लेझर सोडला. डक्टमधला दिवा बंद करून आम्ही एकेक मजला बघत उतरलो. चौथ्यावर, टायच्या अगदी खाली, केबल काटकोनात वळली होती आणि आवरणातून लाल ठिपका लुकलुकत होता. टाय कापला, पाच रुपयांच्या नाण्याच्या कडेइतका सैल वळसा दिला, ठिपका गेला. चित्रही स्थिर झालं.

शेवटचं काम सीलंटचं. मुलाकडे पिवळ्या फोमचा डबा होता, एसीवाले भिंतीतली फट भरायला वापरतात तो. काकांनी तो बाजूला ठेवायला लावला. साधा पिवळा फोम स्वतःच पेटतो, भोक बुजल्यासारखं दिसतं एवढंच. आम्ही आग रोखणारा म्हणून मिळणारा, उष्णतेने फुगून फट घट्ट करणारा सीलंट वापरला. तोही नुसता भोकात ओतून चालत नाही, खाली गळतो. आधी रॉकवूलचा बोळा घट्ट बसवायचा, मग वरून सीलंटचा जाड थर. गोणीचे कागद उपसले तेव्हा त्यातून एक इंटरकॉमचा सुटा स्क्रू, उंदराची लेंडी आणि कुणाचं तरी जुनं मेंटेनन्सचं बिल निघालं.

साडेबाराच्या ऐवजी दोन वाजले. सचिव जेवून आले, तिसऱ्या मजल्यावर वाकून नखाने सीलंट दाबून बघितला, पट्टीवरचा ६०२–२०३ हा आकडा वाचला आणि वही उघडून पहिल्या पानावर पहिली नोंद केली. खालून वडिलांनी बटण दाबून बघितलं. वर बेल वाजली. मग त्यांनी आणखी चार वेळा दाबली, नुसतीच.